बिलावर एक नाव, स्टेटमेंटवर भलतंच
(सोसायटी ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

काकू, ए-२०४: कुणाला ठाऊक असेल म्हणून विचारते. मुलानं फोटो स्टुडिओसाठी अल्बम डिझाइनचं परदेशी सॉफ्टवेअर ऑनलाइन घेतलं, माझ्या क्रेडिट कार्डावर. बिल ५९ डॉलरचं. गूगलवर तेव्हा डॉलर ८६ रुपये होता, म्हणजे ५,०७४ व्हायला पाहिजेत. स्टेटमेंटला सगळं मिळून ५,३१४ गेलेत! आणि नाव त्या कंपनीचं नाहीच. भलतंच नाव, मध्ये चांदणी, पुढे अर्धवट तुटलेला शब्द. कार्ड ब्लॉक करू काय?

दादा, बी-३०३: फ्रॉडच हा काकू. ब्लॉक करा की आधी. हा व्यवहार माझा नव्हेच म्हणून बँकेला कळवून टाका.

काका, सी-१०१ (बँकेतून निवृत्त): थांबा, घाई नको. सॉफ्टवेअर मिळालंय आणि चालतंय ना? मग ‘माझा नव्हेच’ असं लिहून देता येणार नाही. बँक तक्रार घेऊन पैसे परत मागेल, तिकडे विक्रेता लायसन्स बंद करेल, कार्डही बदलावं लागेल. स्टेटमेंटवरच्या त्या सगळ्या ओळी इथे टाका. कार्ड नंबर झाकून हं.

काकू, ए-२०४: तीन ओळी आहेत. ५,१०३.५०, मग १७८.६२, मग ३२.१५.

काका, सी-१०१: बघा, इथेच उत्तर आहे. पहिली ओळ म्हणजे खरेदी. तिला ५९ नं भागा, डॉलर ८६.५० नं लागलाय. गूगलवरचा भाव आपल्याला मिळत नसतो. कार्डाच्या नेटवर्कचा भाव लागतो, तोही बहुतेक वेळा पैसे प्रत्यक्ष वळते होतात त्या दिवसाचा, खरेदीनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून लगेच आलेल्या एसएमएसमधला आकडा आणि स्टेटमेंटचा आकडासुद्धा कधी कधी जुळत नाही.

दुसरी ओळ १७८.६२, हा बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, ५,१०३.५० वर साडेतीन टक्के. तिसरी त्या मार्कअपवरचा १८ टक्के जीएसटी. तिन्हींची बेरीज ५,३१४.२७. विक्रेत्यानं एक पैसा जादा घेतलेला नाही. मार्कअप बँकेचा आहे, म्हणून तो विक्रेत्याच्या बिलावर कधीच दिसणार नाही. तुमच्या कार्डाचा दर किती ते शुल्काच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, प्रत्येक कार्डाचा वेगळा.

ताई, ए-४०१: पण काका, किंमत ५० डॉलर होती म्हणे. बिल ५९ कसं?

काका, सी-१०१: ५० वर १८ टक्के जीएसटी, ९ डॉलर. परदेशातून डिजिटल सेवा घेतली तरी आपल्याकडे जीएसटी लागतो. तो मात्र बिलावर वेगळा दाखवलेला असतो, बघून घ्या.

काकू, ए-२०४: हो, आहे की ९ डॉलर. आणि नावाचं काय?

काका, सी-१०१: खडेबाजारात साडी घेऊन स्कॅन केलं की बोर्डावर एक नाव आणि मोबाइलवर मालकाचं नाव येतं ना, तसंच. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या देशोदेशीचा कर आणि वसुली स्वतः करत नाहीत. मध्ये एक अधिकृत विक्रेती कंपनी असते, कायद्यानं विक्री तीच करते. म्हणून स्टेटमेंटला `PADDLE.NET*` किंवा `FS *` असलं काहीतरी येतं आणि चांदणीपुढे मालाचं किंवा कंपनीचं नाव. जागा जेमतेम वीस-बावीस अक्षरांची, म्हणून शब्द तुटतो. बिलाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत बघा.

काकू, ए-२०४: सापडलं! विक्रेता म्हणून तेच नाव आहे, आणि स्टेटमेंटवर कसं दिसेल तेही लिहिलंय.

दादा, बी-३०३: मग काका, पुढच्या वेळी पैसे देताना रुपयांत द्या असा पर्याय निवडला तर भानगडच मिटली.

काका, सी-१०१: नाही मिटत. तिथे भाव विक्रेत्याच्या बाजूचा लागतो, बहुतेक वेळा महागच. वर विक्रेता परदेशातला असेल तर रुपयांत घेतलं तरी कित्येक बँका एक टक्क्याच्या आसपास शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. दोन्ही आकडे समोर ठेवून बघा, मग ठरवा.

ताई, ए-४०१: मग खरा फ्रॉड ओळखायचा कसा?

काका, सी-१०१: बिल शोधा. घरात कुणाकडेच त्या तारखेचं बिल नसेल, मेलच्या स्पॅममध्येही नसेल, तर शंका घ्या. बिल आहे, पण बेरीज दहा-पंधरा टक्क्यांनी वर जातेय, तर एकाऐवजी दोन लायसन्स गेलेत का, जोडीला काही आपोआप चढलंय का, ते ऑर्डर नंबर देऊन विक्रेत्याला विचारा. आणि व्यवहार खरंच आपला नसेल तर मात्र त्याच दिवशी कार्ड ब्लॉक, बँकेला लेखी कळवा, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन. तीन कामकाजाचे दिवस उलटले की नुकसानीतला वाटा आपल्या गळ्यात पडू शकतो.

काकू, ए-२०४: ब्लॉक नाही करत. मुलाला बिल आणि स्टेटमेंटचं पान एकत्र जोडून ठेवायला सांगितलंय.

काका, सी-१०१: बरं केलंत. स्टुडिओचा जीएसटी नंबर असेल तर पुढच्या खरेदीला तो आधीच भरायला सांगा. मग ते ९ डॉलर विक्रेता सहसा लावत नाही, तो कर स्टुडिओनं स्वतः रिव्हर्स चार्जनं भरायचा असतो. तुमच्या अकाउंटंटना एकदा विचारून घ्या.