मदत हवी आहे : ठरलेल्या कॉलला क्लायंट आलेच नाहीत, आता मेल कसा लिहू?

सुईदोरा
आम्ही लहान वर्कशॉपना जॉबवर्कचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर विकतो. भोसरीच्या एका वर्कशॉपच्या मालकांनी गुरुवारी २० तारखेला सकाळी ११ ची वेळ स्वतःच घेतली होती. मी मीटवर थांबले, ते आले नाहीत, फोनही उचलला नाही. माणूस चांगला आहे, गरजही खरी आहे. त्यांना ओशाळल्यासारखं न होता पुन्हा वेळ ठरवायची आहे. माझा मसुदा असा:

"सर, आज ११ वाजता आपला कॉल होता. मी वीस मिनिटं वाट पाहिली, पण आपण जॉइन झाला नाहीत. आपण कामात असाल, काही हरकत नाही. कृपया पुढची वेळ कळवावी."

वाचताना काहीतरी खुपतंय. काय बदलू?

पाटा_वरवंटा
यापुढे पाचशे रुपये ॲडव्हान्स घ्या, बघा कसे वेळेवर येतात. मी इंटिरियरची कामं करते. साइट व्हिजिटचे पैसे आधी घ्यायला लागल्यापासून कुणी टांग मारत नाही.

सुईदोरा
ताई, तुमची व्हिजिट म्हणजे कामच आहे. माझा फुकट डेमो आहे, त्याचे पैसे कसे मागणार?

गावठाण
भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते हो! ते घरी झोपले असतील. सरळ लिहा की आमच्या लिंकमध्ये गडबड झाली असावी. दोष आपल्यावर घेतला की समोरचा मोकळा होतो.

सुईदोरा
सुट्टी म्हणूनच त्यांनी गुरुवार निवडला, मशीन बंद असतात तेव्हा निवांत बोलता येतं म्हणाले होते.

जुनी_वही
दोष कुणाच्याच माथी नको हे गावठाण यांचं बरोबर, पण लिंक ठीक असताना बिघडली म्हणू नका. त्यांनी ती उघडून पाहिली तर पुढे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर विश्वास कसा ठेवतील?

आधी कॅलेंडरमध्ये बघा, त्यांनी निमंत्रण स्वीकारलं होतं की उत्तर बाकी दिसतंय. बाकी असेल तर ते त्यांनी पाहिलंच नसण्याची शक्यता आहे. आणि तारीख बघा, २०. दर महिन्याला जीएसटीआर-३बी विवरणपत्र भरणाऱ्यांची शेवटची तारीख. लहान वर्कशॉपमध्ये त्या दिवशी मालक सीएला आकडे देण्यात अडकलेले असतात. हे मेलमध्ये लिहायचं नाही, फक्त नवी तारीख निवडताना ध्यानात ठेवायचं.

आता मसुदा. "वीस मिनिटं वाट पाहिली" हे बिल दाखवल्यासारखं होतं, ते काढा. "कामात असाल" म्हणजे त्यांच्या वतीने तुम्हीच सबब दिलीत. "काही हरकत नाही" हेही काढा, कारण माफी द्यायची तर आधी चूक धरावी लागते. आणि "पुढची वेळ कळवावी" म्हटलं की विचार करायचं काम त्यांच्यावर पडतं, मेल तसाच पडून राहतो. मी असं लिहीन:

"विषय: डेमो मंगळवारी की बुधवारी?

नमस्कार सर,
आज आपलं बोलणं राहिलं. बाहेर प्लेटिंगला दिलेल्या मालापैकी किती नग परत आले आणि कोणत्या चलनावरचे बाकी आहेत, हे तुम्ही विचारलं होतं. ते एका पानावर कसं दिसतं ते दाखवते, वीस मिनिटं पुरतील.
मंगळवारी २५ ला सकाळी ११ की बुधवारी २६ ला दुपारी ४? नुसतं 'मंगळवार' लिहिलंत तरी मी निमंत्रण बदलून पाठवते. दोन्ही जमत नसेल तर तुमची वेळ सांगा."

उत्तर येईपर्यंत जुनं निमंत्रण डिलीट करू नका. त्यांना रद्द झाल्याचा मेल गेला तर तुम्ही रागावल्यासारखं दिसेल. होकार आला की तेच निमंत्रण नव्या वेळेवर सरकवा.

सुईदोरा
प्लेटिंगचं त्यांनी पहिल्या फोनवर खरंच विचारलं होतं! निमंत्रणही बघितलं, उत्तर बाकीच दिसतंय. मेल आजच पाठवू की उद्या?

जुनी_वही
आजच, पण संध्याकाळी. अकरा वाजून गेल्या गेल्या आला की तो जाब वाटतो आणि दोन दिवसांनी आला तर विषय थंड झालेला असतो.

गावठाण
भोसरीतले मालक मेल बघतात कुठे? व्हॉट्सॲपवर टाका.

जुनी_वही
व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसल्या की उत्तर न देणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. मी तरी पहिला निरोप मेलवरच ठेवते.

गावठाण
आमच्याकडे उलटं आहे, मेल आला की लोकांना नोटीस आल्यासारखी वाटते.

सुईदोरा
वेळ त्यांनी मेलवरूनच घेतली होती, म्हणून संध्याकाळी मेलच करते. सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही तर हाच मजकूर दोन ओळींत व्हॉट्सॲपवर टाकू, की २५ तारीख उलटू देऊ?

पाटा_वरवंटा
२५ उलटू देऊ नका. सोमवारी दुपारी टाका, जेवणाच्या सुट्टीत.