मदत हवी आहे: बोलून शोधणाऱ्याला लेख सापडावा म्हणून शीर्षक कसं लिहू?

सुट्टाधागा: माझ्या लेखाचं शीर्षक आहे 'सायकल चेन : पुनर्स्थापना मार्गदर्शिका'. आता वाटतंय, फोनशी बोलताना असं कोण म्हणेल? ते 'सायकलची चेन कशी बसवावी?' असं केलं तर पुरे का?

लालपेन: 'बसवावी'ही लेखीच. ज्याने लेख वाचलेला नाही अशा माणसाच्या हातात फोन द्या, शीर्षक सांगू नका, फक्त उतरलेली चेन दाखवा आणि "विचार फोनला" म्हणा. मी असं तिघांना विचारायला लावलं. तिघांनीही आधी अडचण सांगितली: "चेन उतरली", "चेन निघाली", "चेन पडली". नंतर "कशी बसवायची". म्हणून शीर्षक असं: 'सायकलची चेन उतरली तर परत कशी बसवायची?' 'मला सांग' वगैरे शीर्षकात नको.

घाईतला: सोपं आहे, सगळंच घाला. 'चेन उतरली, निघाली, पडली तर कशी, कसे, कसं बसवायचं?' कोणीही काहीही बोलो, सापडणारच.

लालपेन: शब्द जुळले तर फायदा होतो, इथवर बरोबर. पण हे शीर्षक स्वतः मोठ्याने वाचून बघा. शिवाय मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते आणि शब्दांची अशी भरताड दिसली की गूगल स्वतःच वेगळं शीर्षक दाखवू शकतं. एक रूप शीर्षकात ठेवा, 'निघाली' पहिल्या परिच्छेदात आपसूक येऊ द्या. 'चेन सारखी का उतरते?' हा मात्र वेगळा प्रश्न, त्याला वेगळा लेख.

कानडोळा: माझा फोन 'चेन'चं 'चैन' लिहितो. शीर्षकातही 'चैन' लिहू का?

लालपेन: नको हो, ती तुमच्या फोनच्या कानाची चूक. शीर्षकात चुकीचं लिहिलंत तर वाचणारा हसेल.

लालपेन: सुट्टाधागा, मुख्य गोष्ट राहिली. प्रश्न शीर्षकात विचारलात तर उत्तर लगेच खाली हवं. सायकलचा इतिहास नंतर. उदा. "गिअरच्या सायकलला मागचा डिरेलर पुढे ढकलून चेन सैल करा. ती पुढच्या चक्राच्या खालच्या दातांवर अडकवा आणि पेडल हळू उलटं फिरवा." फोन मोठ्याने वाचून दाखवतो तो असाच तुकडा. लेखाचा पत्ता बदलू नका, फक्त शीर्षक बदला.

सुट्टाधागा: बदललं. उपयोग झाला हे कळणार कसं? आणि 'कसं' की 'कसे'?

लालपेन: लेख कोणत्या शोधांतून सापडतो ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल बोललेले आणि टाइप केलेले शोध वेगळे दाखवत नाही. क्वेरीच्या फिल्टरमध्ये रेजेक्स निवडून हे टाका, म्हणजे निदान प्रश्नासारखे शोध वेगळे होतील:

```
कसा|कशी|कसे|कसं
```

बदलाआधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडे ताडून पाहा. 'कसं-कसे'चं म्हणाल तर मी बोलतो तसं 'कसं' लिहितो.

घाईतला: माझ्या शोधांच्या यादीत 'कसे'च जास्त येतं.

लालपेन: मग तुमच्या लेखांना 'कसे' ठेवा. चेन स्त्रीलिंगी, सुट्टाधागा या भांडणातून सुटले.