शब्दचर्चा: विमानाच्या 'स्टॉल'ला मराठीत काय म्हणावे?

अक्षरवेडी: १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानावरील लेखाचे मी भाषांतर करीत आहे. त्यात 'स्टॉल' हा शब्द पावलोपावली येतो. मी 'गतिरोध' असे लिहिले होते. परंतु संपादकांनी समासात विचारले आहे की इंजिने शेवटपर्यंत जोरात चालू होती, तर गतिरोध कसला? त्यांची शंका मला रास्त वाटते. दुसरा शब्द सुचवावा.

घाटवाट: इंजिन बंद पडणे हाच अर्थ आहे. माझी जुनी मोटार खंबाटकीच्या चढावर क्लच सोडताना बंद पडते, तेव्हा आमचा मेकॅनिक 'स्टॉल झाली' असेच म्हणतो. 'बंद पडणे' हा अस्सल मराठी प्रयोग असताना संस्कृत शब्द कशाला घडवायचा?

दिगंत: मोटारीचा अर्थ येथे लागू नाही, इंजिन नसलेले ग्लायडरही स्टॉल होते. विमानाचा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की पंख त्याला पेलू शकत नाहीत, आणि ही मर्यादा प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत छापलेली असते. म्हणून 'वेगपात' हा शब्द मला नेमका वाटतो.

जुना प्रशिक्षक: ग्लायडरचा दाखला योग्य आहे, पण 'वेगपात' या शब्दाने नेमकी चुकीची समजूत रूढ होईल. समोरून येणारी हवा पंखाला ज्या कोनात भेटते, तो कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते. परंतु साधारण १५-१६ अंशांपुढे पंखाच्या वरच्या पाठीवरून जाणाऱ्या हवेला मागच्या वाढत्या दाबाविरुद्ध सरकणे जमत नाही, ती पाठ सोडून भोवरे करू लागते आणि उचल घसरते. या प्रक्रियेचे नाव स्टॉल. तिचे कारण कोन आहे. संथ उडताना तेवढेच वजन पेलण्यासाठी नाक अधिक वर धरून कोन वाढवावा लागतो, म्हणून कमी वेग आणि स्टॉल बहुधा एकत्र दिसतात, एवढेच.

दिगंत: मग पुस्तिकेत वेग का छापतात?

जुना प्रशिक्षक: कारण बहुतेक लहान विमानांत वैमानिकासमोर वेगमापक असतो, कोनमापक नसतो. छापलेला आकडा ठरावीक वजनाचे विमान सरळ उडत असतानाचा असतो. समजा तो ५० नॉट आहे. तेच विमान ६० अंश कलवून उंची न गमावता वळवले, तर पंखांना वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने स्टॉल आता ५० गुणिले १.४१, म्हणजे सुमारे ७१ नॉटला होतो. ६५ नॉटने उडणारा नवशिका 'अजून १५ नॉट हाताशी आहेत' असे समजून दांडी ओढतो आणि फसतो. कोन मात्र दोन्ही वेळा तोच असतो.

अक्षरवेडी: एक अडचण उरते. लेखात म्हटले आहे की पाण्यावर आदळताना विमानाचे नाक क्षितिजाच्या केवळ १६ अंश वर होते. मग कोन एवढा मोठा कसा?

जुना प्रशिक्षक: कोन क्षितिजापासून मोजायचा नसतो, विमान ज्या दिशेने खरोखर जात आहे त्या दिशेपासून मोजायचा असतो. ते विमान पुढे १०७ नॉटने जात होते आणि मिनिटाला सुमारे ११,००० फूट खाली येत होते, म्हणजे खाली येण्याचा वेगही जवळजवळ तेवढाच. मार्ग ४५ अंश उतरता आणि नाक १६ अंश वर! हवा जवळजवळ पोटाखालून येत होती. वेगमापक नळ्या बर्फाने तुंबल्यावर वेगाचे आकडे मिनिटभराच्या आत पुन्हा मिळू लागले होते. परंतु तोवर नाक वर ओढून विमान सुमारे ३५,००० फुटांवरून ३८,००० फुटांपर्यंत चढवले गेले होते. पुढचा सापळा याहून वाईट होता. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की यंत्रणा कोनाची नोंद अग्राह्य मानून स्टॉलचा इशारा देणारा भोंगा बंद करीत असे. त्यामुळे नाक खाली केल्यावर वेग वाढून भोंगा पुन्हा वाजे, आणि नाक ओढल्यावर तो थांबे.

अक्षरवेडी: तर मग 'उचलभंग' लिहू का?

घाटवाट: आमच्याकडे 'उचल' म्हणजे उसाची पहिली उचल. 'उचलभंग' वाचून शेतकऱ्याला कारखान्याने पैसे बुडवले असे वाटेल.

जुना प्रशिक्षक: शिवाय उचल भंगत नाही, घटते. भंगतो तो पंखावरचा प्रवाह. मी 'प्रवाहभंग' म्हणेन.

दिगंत: 'वेगपात' मी मागे घेतो. पण 'प्रवाहभंग' नदीच्या बांधालाही लागेल, आणि सामान्य वाचकाला विमान खाली का येते हे त्यातून कळत नाही. 'उचल' हवीच.

अक्षरवेडी: तूर्त पहिल्या उल्लेखापाशी कोनाचा खुलासा करून पुढे 'स्टॉल' असेच ठेवते. संपादकांना मात्र मराठी शब्दच हवा आहे. सोमवारपर्यंत आणखी सुचवण्या याव्यात.