काउंटर चुकला की 'क्लॉक कमी करा', हा सल्ला आता पुरे

जंपरवाला: फोर-बिट काउंटर आकडे खातोय? टायमिंग आहे, दुसरं काही नाही. क्लॉक कमी करा, सेटअप आणि होल्ड दोन्ही एका झटक्यात सुटतात.

तिरपी_धार: सेटअप, म्हणजे क्लॉकच्या एजआधी डेटा वेळेत पोचणं, ते सुटेल. होल्डला, म्हणजे एजनंतर क्षणभर जुना डेटा टिकण्याला, क्लॉकच्या वेगाशी देणंघेणंच नाही, कारण तिथे मारामारी एकाच एजवर असते. परवाच हाती आलेला बोर्ड सांगतो. कोणीतरी सर्वात वरच्या बिटचा क्लॉक दोन जादा गेटमधून फिरवून आणलेला, म्हणजे एज ३ नॅनोसेकंद उशिरा. खालच्या तीन बिट्सची नवी किंमत मात्र २ नॅनोसेकंदांतच तिथे हजर. त्यामुळे ६ वरून ७ ला जाताना वरच्या बिटला जुने ११० दिसायच्या ऐवजी नवे १११ दिसले आणि तो एक पाऊल आधीच उलटला. ६ नंतर थेट १५, मग ८. पुढे १४ नंतर ७, मग ०. बाकी सगळं बरोबर! १ हर्ट्झवर चालवा, हेच दिसेल.

जंपरवाला: माझ्या बोर्डवर ५० मेगाहर्ट्झला चुकत होता, १० ला बंद झालं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तिरपी_धार: मग तो सेटअप होता. अभिनंदन, अर्धा सल्ला बरोबर.

नवखी_इलेक्ट्रॉनिक्स: माझा बटण दाबल्यावर एकदम तीन-चार पुढे जातो. होल्ड का?

सोल्डरकाका: अगं, ते बटणाचं बाउन्सिंग, त्याचा इथे काय संबंध? पण तुझीही चूक नाही. लॅबमध्ये शिकवतात कुठे! आमच्या व्हायव्हात मी 'काउंटर ७ वरून ४ वर गेला' म्हटलं, तर सर म्हणाले, वायर सैल असेल, आणि मार्क कापले.

जंपरवाला: काका, तुमचे मार्क प्रत्येक धाग्यात येतात.

सोल्डरकाका: येणारच! वायर घट्टच होती. एनेबल, म्हणजे काउंटरला मोजू देणारा सिग्नल, बाहेरून यायचा, क्लॉकशी त्याचा मेळ नाही. ७ वरून ८ ला चारही बिट उलटायला हवेत. एनेबल ऐन एजला आला, खालच्या दोघांना दिसला, वरच्या दोघांना नाही. ०१११ चं ०१००. आणि ६ वरून ७ ला एकच बिट बदलतो, तिथे फार तर एक गणती उशीर. म्हणून चूक कधीतरीच दिसायची आणि सरांसमोर कधीच नाही.

तिरपी_धार: काकांचं खरंय, रडगाणं वगळून. तिथे एनेबलला दोन फ्लिप-फ्लॉप लावून मगच काउंटरला द्यायचा.

जंपरवाला: बरं, तुमच्या बोर्डला डेटाच्या वाटेत दोन बफर टाका, झालं.

तिरपी_धार: आणि बोर्ड तापल्यावर कोणत्या गेटचा उशीर किती बदलेल, त्याची हमी तुम्ही देणार? क्लॉकमधली गेटं काढा.

जंपरवाला: ट्रॅक कापायला तुम्ही या. चिपच्या आत सर्रास बफरच टाकतात.

तिरपी_धार: चिपच्या आत तापलेल्या-गार दोन्ही टोकांना हिशेब करून टाकतात हो, अंदाजाने नाही!