आयईएफमध्ये व्होल्टेज ७०० च्या वर चढतच नाही, काय करू?

निळीरेघ: नमस्कार. टू-डी जेल शिकतेय आणि पहिल्याच पायरीवर अडकलेय. स्ट्रिप ७ सेंमीची, पीएच ३ ते १०. पेशी पीबीएसमध्ये सोनिकेट करून, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेते. त्यातलं २५ मायक्रोलिटर आणि ८ मोलर युरियाचा रिहायड्रेशन बफर १०० मायक्रोलिटर असं मिसळून स्ट्रिप रात्रभर भिजवते. प्रोग्रॅम असा: २५० व्होल्टला २० मिनिटं, मग ४००० पर्यंत चढ, एकूण ४ तास. करंटची मर्यादा ५० मायक्रोअँपियर. करंट लगेच ५० ला टेकतो आणि व्होल्टेज ७०० च्या आसपास घुटमळत राहतं. जेलवर ठिपके नाहीत, नुसत्या रेघा. तीनदा झालं. कुठे चुकतंय?

जेलवाला: रेघा येतायत म्हणजे इक्विलिब्रेशन कमी पडतंय. माझंही असंच व्हायचं. डीटीटीत १५ मिनिटं आणि आयोडोअॅसिटामाइडमध्ये १५ मिनिटं पूर्ण दिल्यावर थांबलं.

निळीरेघ: दादा, त्या उभ्या रेघा असतील. माझ्या आडव्या आहेत, आणि घोळ दुसऱ्या जेलपर्यंत पोचायच्या आधीच होतोय.

जेलवाला: अरे हो, मी घाईत वाचलं.

सोनचाफा: मला वाटतं स्ट्रिप नीट भिजत नसेल. १२५ ऐवजी २०० मायक्रोलिटर घालून बघा, आणि किमान १२ तास ठेवा. युरिया विरघळत नसेल तर बफर गरम करून घ्या, पटकन होतो.

जुनाकोमासी: १२ तासांचं बरोबर आहे. घाईत भिजवलेल्या स्ट्रिपमध्ये मोठी प्रथिनं शिरतच नाहीत. पण २०० नको. ७ सेंमीच्या स्ट्रिपला १२५ च लागतं. जास्तीचं द्रव पृष्ठभागावर राहतं, करंट त्यातूनच वाहतो आणि बाहेर राहिलेली प्रथिनं रेघा ओढतात. युरियाचा बफर ३० अंशांच्या वर तापवायचा नाही. त्यातून सायनेट तयार होतं, ते प्रथिनांच्या अमाइनांना चिकटून धन प्रभार खातं, आणि एकाच प्रथिनाचे ओळीने चार-पाच ठिपके दिसतात. मग ते खरे बदल की आपणच केलेले, हे सांगता येत नाही.

निळीरेघ, तुमचा दोष मिठाचा आहे. पीबीएसमध्ये सोडियम क्लोराइड साधारण १३७ मिलिमोलर असतं. २५ गुणिले १३७ भागिले १२५, म्हणजे स्ट्रिपमध्ये २७ मिलिमोलर. १० च्या खाली हवं. शिवाय युरियाही ८ वरून ६.४ मोलरवर आला. सगळा करंट मीठच वाहून नेतं, म्हणून मर्यादा गाठली जाते आणि मशीन व्होल्टेज दाबून धरतं. ७०० व्होल्टने ४ तास म्हणजे २,८०० व्होल्ट-तास. या स्ट्रिपला साधारण ८,००० लागतात. प्रथिनं वाटेतच उभी राहिली.

ब्रोमोफिनॉल ब्लूचा निळा पट्टा कुठे होता तेवढं सांगा.

निळीरेघ: मधोमध! आणि ॲनोडकडची कागदी विक ओलीचिंब होती.

जुनाकोमासी: झालं तर. पट्टा ॲनोडकडे सरकून तिथे पिवळा पडायला हवा. आता असं करा. नमुन्यात चौपट थंड ॲसिटोन घालून उणे २० ला दोन तास ठेवा. सेंट्रिफ्यूज केल्यावर गोळी ८० टक्के थंड ॲसिटोनने धुवा, कारण मीठही थोडं खाली बसतं. ती कडक वाळवू नका, पुन्हा विरघळत नाही. किंचित ओली असतानाच थेट १२५ मायक्रोलिटर बफरमध्ये घ्या आणि भरण्याआधी एकदा जोरात फिरवा. स्ट्रिपची जेलची बाजू खाली, एका टोकापासून हळूहळू टेकवत न्या म्हणजे बुडबुडा अडकणार नाही. तासाभराने वरून मिनरल ऑइल. प्रोग्रॅम तासांवर नको, व्होल्ट-तासांवर लावा. २५० व्होल्टची पायरी संपली की दोन्ही विक बदला, मीठ तिथेच गोळा झालेलं असतं.

सोनचाफा: ॲसिटोनमध्ये काही प्रथिनं हातची जातात ना? मी डीसॉल्टिंग कॉलम वापरते.

जुनाकोमासी: जातात. कॉलममध्येही थोडी अडकतात. कुठली जास्त, हे नमुन्यावर आहे. दोन्ही करून पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

निळीरेघ: ॲसिटोनने केलं. करंट सुरुवातीला ४० च्या घरात होता, मग उतरत गेला, व्होल्टेज ४००० ला पोचलं. पट्टा टोकाला जाऊन पिवळा! आम्लाच्या बाजूला आणि मध्यभागी गोल ठिपके आहेत. पण पीएच ८ च्या पुढे अजून आडवं फरफटल्यासारखं दिसतं.

जुनाकोमासी: ते वेगळं दुखणं आहे. अल्कली पीएचला डीटीटीवर ऋण प्रभार येतो आणि तो ॲनोडकडे निघून जातो. मागे राहिलेल्या प्रथिनांचे डायसल्फाइड बंध पुन्हा जुळतात. हायड्रॉक्सीएथिल डायसल्फाइड घालून बघता येईल, किंवा बेसिक पट्ट्याची वेगळी स्ट्रिप घेऊन नमुना ॲनोडजवळच्या कपातून भरता येईल. तुमची प्रथिनं त्या बाजूला आहेत का?

निळीरेघ: एक आहे, अंदाजे ८.६ चं. कप मिळतोय का बघते.