शब्द: दुरान्वय (आणि कवितेत क्रियापद पुढे का येतं)

गुहागरची: "याचा त्याच्याशी दुरान्वयानेही संबंध नाही" असं आपण येताजाता म्हणतो, पण हा दुरान्वय म्हणजे नक्की काय? विचारायचं कारण, मी एका अंकाला कविता पाठवली होती, ती परत आली आणि समासात पेन्सिलीने फक्त "दुरान्वय" लिहिलेलं. ओळ होती, 'होडी ओढत नेते लाट'.

देवगडकर: दूरचं नातं, असा अर्थ. चुलत-मावस म्हणतो तसं.

रत्नागिरीकर: बोलण्यात तोच अर्थ झालाय, पण मूळ शब्द व्याकरणातला आहे. अन्वय म्हणजे वाक्यातल्या शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंध, आणि ज्याचा ज्याच्याशी संबंध ते शब्द लांब लांब पडले की दुरान्वय. आमच्या आजोबांकडे श्लोक शिकताना आधी अन्वय लावायचा, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडायचे, आणि मगच अर्थ.

देवगडकर: मग सगळ्याच कवितेत दुरान्वय असणार ना, वृत्तात बसवायला शब्द मागेपुढे करावेच लागतात, मात्रा जुळल्या पाहिजेत, दुसरं कारण काय असणार?

रत्नागिरीकर: अर्धं बरोबर. आपल्या मालगुंडच्या केशवसुतांची 'तुतारी' घ्या, 1893 ची. 'एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने / भेदुनि टाकिन सगळी गगने / दीर्घ जिच्या त्या किंकाळीने'. प्रत्येक ओळ 16 मात्रांची, आठ-आठचे दोन तुकडे. आता दुसरी ओळ बदलून म्हणा, 'मी जी फुंकिन स्वप्राणाने'. मोजा. मी दोन, जी दोन, फुंकिन चार, झाले आठ, पुढचा तुकडा आहे तसाच. यमकही शाबूत. म्हणजे वृत्ताने त्यांना 'फुंकिन' पुढे आणायला भाग पाडलेलं नाही, ते त्यांनी स्वतः आणलंय. मोठ्याने वाचलं की कळतं का ते. 'मी जी' ने सुरू केलं तर ओळ माहिती देते, 'फुंकिन' ने सुरू केलं तर आधी श्वास सुटतो, आणि काय फुंकणार ते आपण मागच्या ओळीतल्या तुतारीवरून धरून ठेवलेलं असतं. चौथ्या ओळीत पण तेच, 'जिच्या त्या दीर्घ किंकाळीने' मात्रांत बसतंच, तरी 'दीर्घ' उचलून ओळीच्या तोंडाशी ठेवलाय, आणि किंकाळी यायला मधे दोन शब्द थांबावं लागतं. हा दुरान्वयच, पण इथे दोष नाही, ते थांबणंच हवं होतं.

यमकाने जे बांधलंय ते वेगळं. 'स्वप्राणाने मी जी फुंकिन' हे गद्यासारखं सरळ आहे आणि मात्रांतही बसतं, पण शेवटचा 'ने' जातो. तेवढ्यापुरतं देवगडकरांचं म्हणणं खरं.

वेंगुर्लेकर: आमच्याकडे कवी नसलेली माणसं पण असंच बोलतात की! जूनमध्ये आई अंगणातून ओरडते, "इलो, इलो पावस!" पावस इलो असं शांतपणे सांगितलं तर कोण वाळत घातलेलं काढायला धावणार नाय. माझ्या मुलाने निबंधात "आला पाऊस" लिहिलं तर वाक्यरचना चूक म्हणून लाल खूण, अर्धा मार्क गेला. मला अजून पटलेलं नाय.

रत्नागिरीकर: तुमची आई बरोबर आहे. ज्याची वाट बघतोय ते सगळ्यांना माहितीच असतं, म्हणून ते मागे ढकलता येतं आणि घडलेलं पुढे येतं. "आली गाडी", "गेली लाईट", तसंच.

गुहागरची: मग माझ्या ओळीत काय वाईट? मी पण फिरवलंच ना.

रत्नागिरीकर: खरं तर ते दुरान्वयात पण येत नाही, चारच तर शब्द आहेत. गडबड वेगळी आहे. होडी पण स्त्रीलिंगी, लाट पण स्त्रीलिंगी, दोघींना प्रत्यय नाही, आणि 'नेते' दोघींनाही चालतं. मग कोण कोणाला नेतंय? प्रत्यय असला की शब्द कुठेही ठेवा, 'स्वप्राणाने' कुठेही गेला तरी 'ने' त्याला ओळखतो. प्रत्यय नसला की वाचकाच्या हातात फक्त क्रम उरतो, आणि तोच तुम्ही उलटवलात.

देवगडकर: 'होडीला' करा, सुटलं.

गुहागरची: 'होडीला ओढत नेते लाट' वाचून बघा, मायेने नेल्यासारखं वाटतं. मला ओढून नेल्यासारखं हवंय. आणि खरं सांगू, पहिल्यांदा वाचणाऱ्याला क्षणभर होडीच लाटेला ओढतेय असं वाटावं, ते मला हवं होतं. वेळणेश्वरला संध्याकाळी होड्या परत येतात तेव्हा तसंच दिसतं.

रत्नागिरीकर: मग पुढच्या ओळीत सोडवा. 'लाटेने नेली' असं भूतकाळात आलं की 'ने' येतो आणि वाचक मागे वळून पहिली ओळ परत लावतो.

गुहागरची: सोडवली तर तो क्षणच जातो. बघते, आज रात्री दोन्ही लिहून बघते.

वेंगुर्लेकर: नका सोडवू. आणि त्या अर्ध्या मार्काचं काय करू, शाळेत जाऊ का?