पॉडकास्टच्या कव्हरवर चेहरा मोठा घ्यायचा की नाव?

खानापूरचा ऊसवाला: आमचा पॉडकास्ट सुरू करालोय, ‘शेतीच्या गोष्टी’. बोलणार आमचे काका. उसाच्या फडात पांढरी टोपी घातलेला त्यांचा फोटो आहे, तो चौकोनी कापून वर नाव, खाली ‘बेळगाव, खानापूर, निपाणी’, परत कन्नडमध्ये पण नाव असं टाकलंय. मोठं उघडलं की झकास, पण ॲपच्या यादीत काहीच कळेना. काय काढू?

शहापूर फ्लेक्सवाला: फोटो भारी असला की कव्हर भारी, मागचा ऊस अजिबात काढू नका, शेती त्यानंच कळती. नाव लाल करा, हिरव्या उसावर लाल लांबनं उठून दिसतंय, आमचे सगळे बोर्ड तसेच. फाईल मात्र तीनशे डीपीआय सीएमवायकेमध्ये करा म्हणजे फुटणार नाही.

टिळकवाडीची ताई: दादा, फोटो दमदार पाहिजे हे बरोबर, पण बोर्ड दहा फुटांचा असतो आणि हे यादीत नखाएवढं. सीएमवायके छपाईला, स्क्रीनला आरजीबी, आणि इथं डीपीआयला अर्थ नाही, पिक्सेल मोजायचे. ॲपल पॉडकास्टला चौकोन 3000 बाय 3000 दिला की झालं, 1400 च्या खाली चालत नाही. आता 3000 चं चित्र 55 पिक्सेलवर आणून बघा, सगळं साधारण पंचावन्न पट बारीक होतं. म्हणजे अक्षराची रेघ 40 पिक्सेल जाड असली तर एक पिक्सेलसुद्धा उरत नाही. गावांची नावं तिथंच मेली, ती काढाच.

लाल-हिरव्याचं म्हणाल तर चित्र ब्लॅक अँड व्हाईट करून बघा. भडक लाल आणि उसाचा हिरवा दोन्ही जवळजवळ एकाच करड्यावर येतात, मग बारीक आकारात डोळ्याला कडाच सापडत नाही. रंग वेगळा असून भागत नाही, एक उजळ आणि एक गडद पाहिजे.

निपाणीचा रेकॉर्डिंगवाला: मी तर व्हिडिओचा आडवा थंबनेलच दोन्ही बाजूंनी कापून टाकला होता, नाव अर्धं गेलं तरी लोक ऐकतातच की. माईक चांगला घ्या, कव्हर कोण बघतंय.

खानापूरचा ऊसवाला: माईक आहे हो. ताई, ऊस काढला तर शेती कशी कळणार? आणि मागं पिवळा गोल, खाली लाल पट्टी केली तर?

टिळकवाडीची ताई: टोपीच सांगती की. उसाची पानं म्हणजे शेकडो बारीक रेघा, 55 वर त्याचा नुसता चिखल होतो आणि काकांचा गाल त्यात मिसळतो. काकांना कापून बाहेर काढा, हनुवटीपासून टोपीच्या टोकापर्यंत चौकोनाची निम्म्याहून जास्त उंची चेहऱ्याला द्या. मागं एकच मोठा गोल, पण पिवळा नको, पांढरी टोपी पिवळ्यावर हरवती, आणि पिवळा-लाल म्हटलं की इकडं लोक कन्नड झेंडाच बघतात. गोल गडद हिरवा, बाकी जमीन फिकी. टोपीच्या सावलीनं कपाळ-डोळे काळे पडले असतील तर तेवढेच उजळा, नाहीतर आकार कितीही ठळक असले तरी मधे काळा डाग दिसणार. आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवून घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. साध्या पाठवण्यात तो बारीक होतो, मग चेहरा कापून 3000 वर ताणला की टोपीची कड मऊ होती.

खालच्या गडद पट्टीवर फिक्या रंगात दोन ओळी, ‘शेतीच्या’ आणि ‘गोष्टी’. ‘ष्टी’कडे लक्ष द्या, तिथं जोडाक्षर आणि वर वेलांटी, फॉन्ट फार जाड घेतला की पोटातली जागा बुजते आणि नुसता गोळा होतो. मुक्ता किंवा बलूचा बोल्ड घेऊन बघा, सगळ्यात जाड वजन नको, आणि दोन ओळींत अंतर सोडा, नाहीतर खालच्या वेलांट्या वरच्या अक्षरांना चिकटतात.

शहापूर फ्लेक्सवाला: आरजीबीचं पटलं. पण 55 पिक्सेलचं एवढं काय, आताच्या फोनला तेवढ्याच जागेत दुप्पट-तिप्पट पिक्सेल असतात, कड साफच येती.

टिळकवाडीची ताई: कड साफ येती, अक्षर मोठं होत नाही ना. काकांच्या वयाचा माणूस चष्म्याशिवाय हातभर लांबून बघणार.

चंदगडचा पाहुणा: मग नाव हवंच कशाला? यादीत चित्राच्या बाजूला ॲपच नाव लिहितंय. पूर्ण चौकोन चेहऱ्याला द्या, मराठी-कन्नडचा प्रश्नच मिटला.

टिळकवाडीची ताई: काका गावोगावी माहीत असते तर मी पण हेच म्हटलं असतं. नवीन माणसाचा नुसता चेहरा कळत नाही, आणि कव्हर स्टेटसला टाकलं की बाजूला कोण नाव लिहिणार?

चंदगडचा पाहुणा: स्टेटसला वेगळं करा की, तिथं उभं चित्र लागतंय. एका चौकोनावर सगळा भार कशाला?

खानापूरचा ऊसवाला: गावांची नावं काढतो, ऊस पण. कन्नड नावाला काका तयार होत नाहीत काढायला, म्हणतात ऐकणारे निम्मे शेजारी कन्नड आहेत.

टिळकवाडीची ताई: मग कन्नड नाव खालच्या माहितीत लिहा, तिथं वाचायला येतं. चौकोनात दोन लिप्या बसवल्या तर दोन्ही निम्म्या होणार. काकांना दोन्ही चित्रं फोनवर यादीएवढी करून दाखवा, मोठी उघडून दाखवू नका.

चंदगडचा पाहुणा: तिसरं बिननावाचं पण दाखवा.